चॅटची प्रिंट आणि सोबतचा दाखला

हातउसने दिलेले दोन लाख परत मिळावेत म्हणून दावा लावला. ‘दिवाळीनंतर देतो’ हा मेसेज फोनमध्ये आहे, त्याची प्रिंटही जोडली. पण दाखला नसेल, तर ही प्रिंट पुराव्यात घेतली जात नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली हा दाखला दोन भागांत द्यावा लागतो. पहिल्या भागात फोन कोणता, तो कोणाच्या ताब्यात होता आणि नीट चालत होता का, हे फोनधारक लिहितो. दुसरा भाग तज्ज्ञ भरतो. दोन्हींत फाइलचा हॅश, म्हणजे तिच्यातून गणिताने काढलेला आकडा असतो. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी हॅश जुळत नाही. म्हणून मूळ चॅट पुसू नका.

फोन दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर? जालन्याच्या 2014च्या निवडणूक वादात व्हिडिओ सरकारी कार्यालयाचे होते आणि मागूनही दाखला मिळाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये दाखला सक्तीचाच ठरवला. मात्र सगळे प्रयत्न करूनही तो न मिळाल्यास पक्षकाराला सूट दिली. मला ही सूट अत्यंत न्याय्य वाटते. तेव्हा मागणीच्या पत्राची पोच जपून ठेवा.