लाल शाईच्या पलीकडे

‘दोन मुली गाणे गातात’ या वाक्याचे संस्कृत भाषांतर शाळकरी वह्यांमध्ये पुष्कळदा असे सापडते : ‘द्वौ बालिकाः गीतं गायन्ति।’ बरोबर वाक्य आहे ‘द्वे बालिके गीतं गायतः।’ म्हणजे चारांपैकी तीन शब्द चुकले. घाईत असलेला शिक्षक तिन्हींवर लाल रेघ मारतो, वर बरोबर रूपे लिहितो आणि पुढच्या वाक्याकडे वळतो. मुलगा ती रूपे सुवाच्य अक्षरात उतरवून काढतो. पुढच्या आठवड्यात ‘दोन फुले उमलतात’ असे वाक्य आले की पुन्हा तसाच अडखळतो, कारण चुकले काय हे त्याला कळले, का चुकले हे कोणी सांगितलेच नाही.

रेघा तीन असल्या, तरी या वाक्यात चुका दोनच आहेत. पहिली लिंगाची. ‘द्वौ’ हे द्विवचन आहेच, पण पुल्लिंगी. बालिका स्त्रीलिंगी म्हणून ‘द्वे’ हवे. मराठीत ‘दोन मुलगे, दोन मुली, दोन फुले’ असा एकच ‘दोन’ सगळीकडे चालतो, त्यामुळे संख्येलाही लिंग असते हे मराठी मुलाच्या मनात सहजी येत नाही. दुसरी चूक वचनाची. दोनासाठी वेगळे वचन मराठीत नाही, म्हणून त्याने सरळ अनेकवचन घेतले. पण एकदा ‘बालिकाः’ असे बहुवचन लिहिल्यावर ‘गायन्ति’ लिहिले, ते मात्र त्या बहुवचनाला धरूनच. कर्ता आणि क्रियापद जुळवायचे असतात हे त्याला नेमके ठाऊक आहे. ‘गायन्ति’ ही वेगळी चूक नाही, आधीच्या चुकीची सावली आहे. तिचे गुण पुन्हा कापणे अन्यायाचे.

संस्कृतची वही तपासताना म्हणूनच आधी दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. एक, रूपच येत नसणे. दुसरी, रूप येते पण ते शेजारच्या शब्दाशी जुळवता न येणे. पाणिनीने नामांना लागणारे एकवीस आणि क्रियापदांना लागणारे अठरा प्रत्यय सांगितले आहेत. देव शब्द किंवा गम् धातू चालवताना मुले घोकतात ती याच प्रत्ययांची रूपे. पाठांतर कच्चे असेल तर रूपावलीकडे परत पाठवावे. जुळणी कच्ची असेल तर शंभर वेळा ‘देवः देवौ देवाः’ म्हणवून घेऊनही उपयोग नाही. त्याला वाक्येच द्यावी लागतात.

हा फरक ‘माझा मित्र घरी आला’ या वाक्यात स्पष्ट दिसतो. एकजण लिहितो, ‘मम मित्रः गृहम् आगतः।’ दुसरा लिहितो, ‘मम मित्रं गृहम् आगतः।’ बरोबर वाक्य ‘मम मित्रं गृहम् आगतम्।’ सख्याच्या अर्थाने मित्र हा शब्द संस्कृतात नपुंसकलिंगी आहे. पुल्लिंगी ‘मित्रः’ म्हणजे सूर्य. चुकीचे शब्द मोजले तर दुसऱ्याची वही सरस ठरते. खरे तर उलट आहे. पहिल्याला एका शब्दाचे लिंग माहीत नव्हते, मराठीतले लिंग त्याने तसेच नेले, पण पुढे विशेषण त्याच लिंगाशी इमानाने जुळवले. दुसऱ्याने ‘मित्रम्’ पाठ केले आहे, पण ‘आगतः’ लिहिताना मागे वळून पाहिले नाही. पहिल्याला समासात एक ओळ पुरते : ‘मित्र नपुंसकलिंगी, वस्तू मराठीत स्त्रीलिंगी, संस्कृतात नपुंसकलिंगी, अंजली मराठीत स्त्रीलिंगी, संस्कृतात पुल्लिंगी.’ दुसऱ्याच्या वहीत ‘मित्रम्’पासून ‘आगतम्’पर्यंत एक बाण काढून दाखवावा लागतो.

पुरुषाच्या चुकांचे मूळ तर थेट मराठीत सापडते. ‘आपण कुठे जाता?’ याचे ‘भवान् कुत्र गच्छसि?’ असे भाषांतर होते. समोरच्याशी बोलतो आहोत म्हणजे ‘त्वम्’चे रूप, हा विचार चुकीचा म्हणता येत नाही. पण ‘भवत्’ शब्दाबरोबर संस्कृत ‘तो’चे रूप वापरते : ‘भवान् कुत्र गच्छति?’ इथे शिक्षकच एका खड्ड्यात पडू शकतो. त्याने समासात ‘प्रथमपुरुष हवा’ एवढेच लिहिले, तर मुलगा ‘भवान् गच्छामि’ लिहून आणेल. मराठी व्याकरणात प्रथम पुरुष म्हणजे मी. संस्कृतात प्रथमपुरुष म्हणजे तो, मध्यम म्हणजे तू आणि उत्तम म्हणजे मी. त्यामुळे ‘भवान्‌बरोबर तो-चे रूप : गच्छति’ असे लिहिलेले बरे.

‘तू आणि मी शाळेत जातो’ याचे उत्तर ‘त्वम् अहं च पाठशालां गच्छथः।’ असे आले, तर द्विवचन बरोबर पकडल्याची आधी नोंद घ्यावी. चुकला तो पुरुष. कर्त्यांत ‘मी’ असेल तर क्रियापद ‘मी’च्या बाजूने जाते, म्हणून ‘गच्छावः’. ‘मी’ नसून ‘तू’ असेल तर ‘तू’च्या बाजूने, म्हणून ‘त्वं सः च गच्छथः’. दोघेही नसतील तरच ‘तो’चे रूप. पाणिनीच्या सूत्रांत मध्यमपुरुष आधी आणि उत्तमपुरुष नंतर सांगितला आहे, आणि दोन नियम भिडले की नंतरचा बलवान, हा त्याचाच दंडक. ‘तो’साठी त्याने ‘उरलेल्या ठिकाणी’ एवढेच म्हटले आहे. म्हणजे कारण एका ओळीत सांगता येते.

‘गुरुजी शिकवतात’ याचे ‘गुरुः पाठयन्ति’ होते, तेव्हा मुलाच्या मनात आदर असतो. मराठीत आदरार्थी ‘शिकवतात’ म्हणताना नाम बदलावे लागत नाही, म्हणून त्याने फक्त क्रियापद बहुवचनी केले. संस्कृतात आदरार्थी बहुवचन चालते, पण ते नाम आणि क्रियापद दोघांना हवे : ‘गुरवः पाठयन्ति’. नाहीतर साधे ‘गुरुः पाठयति’. दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण द्यावेत.

चूक नसताना रेघ ओढली जाते, अशाही जागा आहेत. मुलीने ‘अहं गतवती’ लिहिले आणि उत्तरपत्रिकेत ‘अहं गतवान्’ छापलेले असले, तरी बरोबर तीच आहे. ‘अहम्’ तिन्ही लिंगांत सारखे आणि बोलणारी ती आहे. दोघांच्या वतीने ‘आवां गच्छावः’ऐवजी ‘वयं गच्छामः’ लिहिले, तर त्यालाही पाणिनीची परवानगी आहे. पाठ द्विवचनाचा असेल तर ‘इथे आवाम् अपेक्षित’ अशी सूचना द्यावी, अशुद्ध म्हणू नये.

आता पाचही वाक्ये एकाच वहीत आहेत आणि मित्राच्या वाक्यात ‘मित्रः… आगतः’ लिहिले आहे असे धरू. प्रत्येक वाक्याला 2 गुण, एकूण 10. चुकलेल्या प्रत्येक शब्दाला अर्धा गुण कापला, तर पहिल्या वाक्यात दीड, दुसऱ्यात 1 आणि उरलेल्या तिन्हींत अर्धा-अर्धा असे 4 गुण जातात. हाती येतात 6. चुकीच्या कारणाला अर्धा गुण कापला, तर पहिल्या वाक्यात 1 आणि इतर चारांत अर्धा-अर्धा जातो. हाती येतात 7. हा वाढीव गुण दयेचा नाही. ‘बालिकाः’शी ‘गायन्ति’ आणि ‘मित्रः’शी ‘आगतः’ जुळवण्याचे जे काम मुलाने बरोबर केले, त्याचा तो आहे.

चाळीस वह्यांत प्रत्येक चुकीखाली ओळभर लिहायला वेळ कुठून आणायचा, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. त्यासाठी समासात ‘लिं’, ‘व’, ‘पु’ एवढी खूण करावी आणि ती ज्या शब्दाशी जुळत नाही त्याच्याकडे बाण काढावा. बरोबर रूप लगेच लिहून देऊ नये. ते मुलाने स्वतः शोधावे, शेजारी कारण स्वतःच्या मराठीत लिहावे, आणि शिक्षकाने दुसऱ्या फेरीत ते कारण आधी वाचावे, रूप नंतर.