गोळी बंद केली, पाळी आली नाही

गर्भनिरोधक गोळ्या बंद करून तीन महिने होत आले, पाळीचा पत्ता नाही, आणि हनुवटीवर, जबड्याच्या कडेने टपोरे, दुखरे पिंपल्स यायला लागले. अशा वेळी घरात एकच वाक्य ऐकू येतं: 'त्या गोळ्यांनीच सगळं बिघडवलं.' बहुतेक वेळा हे खरं नसतं. काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. दोष गोळीवर टाकला की खरं कारण शोधायचं राहून जातं.

गोळ्या चालू असताना दर महिन्याला जे अंगावरून जातं, ती खरी पाळी नसतेच. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या 'माला-एन'चं पाकीट पाहा. त्यात २८ गोळ्या असतात. पहिल्या २१ गोळ्यांत संप्रेरकं असतात आणि उरलेल्या ७ नुसत्या लोहाच्या असतात. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की शरीरातली संप्रेरकांची पातळी एकदम उतरते, गर्भाशयाचं अस्तर सुटतं आणि रक्तस्राव होतो. म्हणून तो इतका वेळेवर येतो. या सगळ्या काळात मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी बीजकोशांना काम करायचा निरोप देत नाही, आणि महिन्याला बीज तयार होणं थांबलेलं असतं.

गोळी बंद केल्यावर तिच्यातलं औषध काही दिवसांतच शरीरातून निघून जातं. तो थांबलेला निरोप पुन्हा सुरू व्हायला मात्र काही आठवडे लागू शकतात. बहुतेक स्त्रियांना तीन महिन्यांच्या आत पाळी येते. पहिल्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी बीज बाहेर पडलेलं असतं, त्यामुळे एकदाही पाळी न येता दिवस राहू शकतात. म्हणूनच पाळी लांबली की पहिली तपासणी गरोदरपणाची, मग त्या स्त्रीची कितीही खात्री असो. (तीन महिन्यांचं हे गणित गोळ्यांचं आहे. 'अंतरा'सारख्या तीन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शननंतर पाळी आणि गर्भधारणा पूर्ववत व्हायला बरेच महिने लागू शकतात, आणि ते अपेक्षितच असतं.)

पिंपल्सचं कारणही याच साखळीत आहे. स्त्रीच्या शरीरातही थोडं टेस्टोस्टेरॉन असतं आणि त्वचेतल्या तेलग्रंथी त्याच्या इशाऱ्यावर चालतात. गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत एक प्रथिन जास्त बनवतं. ते टेस्टोस्टेरॉनला रक्तात धरून ठेवतं, त्यामुळे त्वचेपर्यंत मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी पोहोचतं. शिवाय बीजकोशही ते कमी तयार करतात. सायप्रोटेरॉन किंवा ड्रोस्पिरेनॉन असलेल्या गोळ्या तर त्याचा परिणामच अडवतात, म्हणून त्या मुरुमांसाठी मुद्दाम दिल्या जातात. गोळी थांबली की ही तिन्ही बंधनं सुटतात. तेल वाढतं, छिद्रं बुजतात, आणि दोन-तीन महिन्यांनी चेहऱ्यावर परिणाम दिसतो. ज्यांना गोळीआधीच पिंपल्सचा त्रास होता, त्यांना तो परत होण्याची शक्यता जास्त.

एक उदाहरण घेऊ. सव्वीस वर्षांची नोकरदार तरुणी. बाराव्या वर्षी पाळी सुरू झाली, पण एकोणिसाव्या वर्षीही ती दीड-दोन महिन्यांनीच यायची. चेहरा पिंपल्सनी भरलेला. डॉक्टरांनी सायप्रोटेरॉनवाली गोळी दिली. पाळी 'नियमित' झाली, चेहरा स्वच्छ झाला आणि पुढे कुणी काही तपासलं नाही. लग्नानंतर मूल हवं म्हणून तिने गोळी बंद केली. चौथा महिना संपत आला तरी पाळी नाही, पिंपल्स मात्र परतले. आईचा सल्ला: मेडिकलमधून पाळी यायची गोळी आण.

ती गोळी तिने घेतली असती तर बहुधा रक्त गेलंही असतं, आणि सगळं सुरळीत झालं असं वाटून आणखी दोन-तीन महिने गेले असते. डॉक्टरही कधीकधी तीच गोळी देतात, पण गरोदरपणा नाही याची खात्री करून आणि अस्तर तयार होतंय का हे पाहण्यासाठी किंवा फार दिवस साचलेलं अस्तर काढून टाकण्यासाठी. कारण शोधायच्या ऐवजी नाही.

ती स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेली. त्यांनी आधी विचारलं, 'गोळीच्या आधी पाळी कशी होती?' माझ्या मते सगळ्या तपासणीत याच प्रश्नाचं मोल सर्वांत जास्त आहे. मग गरोदरपणाची चाचणी, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच, टेस्टोस्टेरॉन आणि सोनोग्राफी. गोळीमुळे टेस्टोस्टेरॉनचे आकडे दबलेले राहतात, म्हणून गोळी बंद करून किमान तीन महिने झाल्यावरच ही चाचणी भरवशाची ठरते. इथे ती वेळ योग्य होती. टेस्टोस्टेरॉन थोडं जास्त निघालं, बाकीचं रक्त ठीक, सोनोग्राफीत बीजकोशांत बारीक-बारीक पुटिका. निदान झालं पीसीओएस, ज्याला घरोघरी 'पीसीओडी' म्हणतात. तो तिला एकोणिसाव्या वर्षीही होता. गोळीने तो झाकून ठेवला होता.

निदान हाती आल्यामुळे पुढचे निर्णय नेमके झाले. साखरेची तपासणी झाली, कारण पीसीओएसमध्ये मधुमेहाचा धोका वाढतो. बीज तयार होण्यासाठी लेट्रोझोल ठरलं. पिंपल्ससाठी अझेलाइक ॲसिडचं मलम मिळालं. आयसोट्रेटिनॉइन आणि डॉक्सिसायक्लिन टाळली, कारण दिवस राहिले तर ती बाळाला घातक ठरू शकतात. आयसोट्रेटिनॉइनने तर गर्भात गंभीर व्यंग येतात. याच वयात मूल नको असतं तर उपचार वेगळे झाले असते, अगदी पुन्हा गोळीसुद्धा. एक मात्र कुणीच करू नये: चेहऱ्यावर मेडिकलमधून आणलेली, स्टेरॉइड मिसळलेली 'गोरं करणारी' क्रीम. चार दिवस चेहरा छान दिसतो, मग पिंपल्स वाढतात, त्वचा पातळ आणि लाल होते, आणि क्रीम सोडवत नाही.

प्रत्येकीचं उत्तर पीसीओएस नसतं. गोळ्या चालू असताना कुणी खाणं फार कमी करून, भरपूर व्यायाम करून दहा-बारा किलो उतरवलेलं असतं. तिची पाळी तेव्हाच थांबली असती, पण दर महिन्याच्या रक्तस्रावामुळे ते कळलं नाही. कुणी ॲसिडिटीसाठी रोज डोम्पेरिडोनची जोडगोळी घेत असते. त्या औषधाने प्रोलॅक्टिन वाढतं आणि पाळी बंद पडू शकते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत, ॲसिडिटीची 'साधी' गोळीसुद्धा. क्वचित बीजकोशांचं काम वयाआधीच मंदावलेलं असतं, ते एफएसएचवरून कळतं.

तीन महिने वाट पाहायची ती इतर काहीच त्रास नसेल तेव्हा. आधी पाळी अनियमित असेल तर त्याआधीच दाखवलेलं बरं. गरोदरपणाची चाचणी पॉझिटिव्ह येऊन ओटीपोटात एका बाजूला दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जावं, गर्भ नळीत असू शकतो. स्तनांतून दूध येतंय, डोकं सतत दुखतंय, नजरेच्या कडा धूसर होताहेत, असं असेल तर प्रोलॅक्टिन लगेच तपासावं. पिंपल्ससोबत हनुवटीवर, छातीवर राठ केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले किंवा आवाज जाड व्हायला लागला, तर टेस्टोस्टेरॉन बनवणारी गाठ आहे का हे पाहावं लागतं. तिथे एक महिनाही थांबू नये.