फलाटावर आठवेल असा नियम

मे महिन्यात झाशीत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दिल्लीकडून भोपाळकडे आणि मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या इथे काही मिनिटंच थांबतात. तेवढ्यात स्वयंसेवक जग आणि पाइप घेऊन खिडकी-खिडकीशी पाणी देतात. उत्तरेतल्या स्थानकांवर या कामाला जलसेवा म्हणतात. आज आलेला स्वयंसेवक उद्या असेलच असं नाही. त्याला समजावून सांगायला फार तर दहा मिनिटं मिळतात आणि हातात ठेवायला एक कागद. त्या कागदावर सहसा काय असतं? ‘प्रवाशांशी उर्मटपणे बोलू नये. भेदभाव करू नये. चालत्या गाडीमागे धावू नये. परवानगीशिवाय फोटो काढू नयेत. मुलांशी गैरवर्तन करू नये. संस्थेची बदनामी होईल असं वागू नये.’ यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. पण जग हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाने आता नेमकं काय करायचं, हे यातलं एकही वाक्य सांगत नाही.

सेवेचे नियम लिहिण्याची मराठी परंपरा जुनी आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सदस्यांसाठी सात प्रतिज्ञा ठेवल्या. देशाचा विचार सर्वांत आधी, सर्व भारतीय बंधू, जातिधर्माचा भेद न करता सर्वांच्या प्रगतीसाठी काम, स्वच्छ खासगी आयुष्य, कोणाशीही वैयक्तिक भांडण नाही, अशा त्या होत्या. याच समाजाचे सदस्य हृदयनाथ कुंझरू पुढे अलाहाबादच्या सेवा समितीच्या आणि तिच्या स्काउट चळवळीच्या उभारणीत होते. स्काउटचा नियम तर पहिल्यापासून विधायक भाषेतच आहे. १९०८ मध्ये बेडन-पॉवेल यांनी तो लिहिला, तेव्हा ‘हे करू नकोस’ असं न सांगता स्काउट कसा असतो ते सांगितलं. तो विश्वासू असतो, नम्र असतो, प्राण्यांचा मित्र असतो. ही भाषा मुलांच्या तोंडी सहज बसली.

या दोन्ही नियमावल्या मला मनापासून आवडतात, पण जलसेवेला त्या पुरणार नाहीत. गोखल्यांच्या प्रतिज्ञा आयुष्य वाहून घेणाऱ्या आणि काही वर्षं शिक्षण घेणाऱ्या सदस्यांसाठी होत्या. ‘भेद न करता’ या शब्दांचा अर्थ त्या वर्षांत मुरत असे. स्काउटही आठवड्यामागून आठवडा पथकात येतो. दोन तासांच्या स्वयंसेवकाला तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून त्याचा नियम विधायक तर हवाच, पण डोळ्यांना दिसणाऱ्या कृतीचाही हवा. ‘नम्र राहीन’ हे चांगलं वाक्य आहे, पण तो नम्र होता की नाही यावर दोघांत वाद होऊ शकतो. ‘पाणी देताना आधी नमस्कार म्हणेन आणि बाटली भरेपर्यंत थांबेन’ यावर वाद होत नाही.

आता ‘भेदभाव करू नये’ हेच वाक्य घ्या. इंग्रजी राजवटीत स्थानकांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळं मिळत असे, त्यामुळे पाण्याच्या सेवेत हा नियम नावापुरता राहून चालत नाही. आज फलाटावर भेद होतो तो बहुधा जागेमुळे. स्वयंसेवक फलाटाच्या मध्यावर उभे राहतात, तिथे आरक्षित डबे थांबतात. जनरल डबे बहुतेक गाड्यांत टोकांना असतात. गर्दी तिथेच सर्वाधिक, आणि तिथला माणूस जागा जाईल म्हणून खाली उतरत नाही. मनात कोणाविषयी काही नसतानाही ज्याला पाणी सर्वांत जास्त हवं त्याला ते शेवटी मिळतं, किंवा मिळतच नाही. म्हणून मी ही ओळ अशी लिहीन: ‘गाडी थांबली की आधी जनरल डबा. एकच जग, सगळ्यांना त्याच जगातून. जो बाटली पुढे करेल त्याला पाणी.’ ती पाळली जाते की नाही हे फलाटाच्या कडेला उभा असलेला कोणीही पाहू शकतो.

‘धावू नये’ ही ओळही अशीच. गाडी हलते, खिडकीतला हात अजून बाटली धरून असतो, आणि चांगल्या मनाचा मुलगा नेमका तेव्हाच धावतो. निषेध त्याला त्या क्षणी आठवत नाही, कारण त्याच्यासमोर तहानलेला माणूस असतो. त्या क्षणासाठी दुसरी कृती ठरवून द्यावी लागते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अभ्यासातून दाखवलं आहे, की नुसत्या संकल्पापेक्षा ‘असं झालं की मी तसं करीन’ अशी बांधणी अधिक पाळली जाते. म्हणून: ‘गाडी हलली की हात मागे, दोन पावलं मागे, पिवळ्या पट्टीच्या आत.’ पाणी सांडलं तर सांडू दे, हेही तोंडी सांगावं.

फोटोंच्या ओळीमागे २०२० चा मे महिना आहे. टाळेबंदीत महाराष्ट्रातून निघालेले हजारो मजूर झाशीजवळच्या रक्सा सीमेवर अडकले होते. तिथे आणि देशभर त्या दिवसांत अनेकांनी जीव ओतून अन्न वाटलं. पण पाकीट घेणाऱ्या हाताचा आणि चेहऱ्याचा फोटोही सर्रास निघाला. भुकेला माणूस ‘नको’ म्हणू शकत नाही, म्हणून नुसती परवानगी पुरेशी नाही. ही ओळ अशी हवी: ‘फोटो आमच्या कामाचा: जग, टाक्या, स्वयंसेवक. घेणाऱ्याचा चेहरा नाही.’

इथे एक ‘नाही’ राहिलंच, आणि ते राहू द्यावं. प्रत्येक निषेध पुसून गोड वाक्य करण्याचा हट्ट धोक्याचा आहे. जगभरच्या मदतसंस्थांसाठी २००२ मध्ये लैंगिक शोषणाविरुद्ध सहा तत्त्वं ठरली. त्यात मदत देणारा आणि घेणारा यांच्यातल्या लैंगिक संबंधांविषयी ‘तीव्रपणे परावृत्त केलं जातं’ अशा अर्थाचे शब्द होते. २०१९ मध्ये ते वाक्य दुरुस्त करून, पदाचा गैरवापर असलेला असा संबंध सरळ ‘निषिद्ध’ ठरवला गेला. जिथे एकदाच चूक झाली तरी दुसऱ्याचं आयुष्य मोडतं, तिथे मवाळ शब्दातून पळवाट निघते. म्हणून जलसेवेच्या कागदावर तळाला, वेगळ्या चौकटीत, तीन निषेध तसेच असावेत: पाण्याच्या बदल्यात पैसे किंवा काहीही घेणार नाही, कोणाच्याही अंगाला त्याच्या इच्छेविरुद्ध हात लावणार नाही, मुलाला एकट्याने कुठेही नेणार नाही.

शेवटच्या निषेधाला मात्र कृतीची जोड हवीच, कारण मोठ्या जंक्शनवर एकटं मूल दिसणं नवीन नाही. ‘एकटं मूल दिसलं तर जोडीदाराला हाक मारीन, दोघं मिळून लोकांच्या नजरेसमोर त्याच्याजवळ थांबू, आणि रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला बोलावू किंवा १०९८ ला फोन करू.’ लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाला सांगितलं म्हणजे झालं, असं तिथे चालत नाही.

‘संस्थेची बदनामी होईल असं वागू नये’ ही ओळ मी पूर्ण काढून टाकीन. तिच्यातून कोणतीही कृती निघत नाही, आणि तक्रार करणाऱ्यालाच गप्प बसवायला ती सर्वांत सोयीची पडते.

उरल्या पाच-सहा ओळी. त्या कामाच्या क्रमाने लावाव्यात: गाडी येण्याआधी, थांबल्यावर, हलल्यावर, गेल्यावर. क्रम आठवला की ओळ आठवते. झाशीत कागद हिंदीतच असेल, आणि त्यातले शब्द फलाटावर बोलले जातात तेच असावेत. छापण्याआधी तो नव्या स्वयंसेवकाला एकदा वाचून दाखवावा, तासाभराचं काम झाल्यावर न बघता सांगायला लावावा. जी ओळ तिघाचौघांना आठवत नाही, ती लांब आहे किंवा तिच्यात दोन गोष्टी कोंबल्या आहेत. हंगाम संपल्यावर नवी ओळ घालायची असेल तर एक जुनी काढायची, नाहीतर दोन वर्षांत कागद पुन्हा दोन पानांचा होतो.

आणि कागदावर तक्रारीसाठी दोन फोन नंबर असावेत. एक त्या दिवशीच्या प्रमुखाचा, दुसरा जलसेवेशी संबंध नसलेल्या व्यक्तीचा, कारण तक्रार प्रमुखाविरुद्धही असू शकते.