पुडी एक, पाणी लिटरभर

परवा विठ्ठलवाडीतली एक आई दीड वर्षाच्या मुलाला घेऊन आली. ओआरएस देऊनही जुलाब वाढले होते. विचारल्यावर कळले, लिटरची अर्धी पुडी तिने पेलाभर पाण्यात कालवली होती! असे दाट पाणी जुलाब वाढवते, रक्तातले मीठही वाढवते.

पुडीवरचे माप वाचा. एक लिटरची असेल तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात सगळी एकदम विरघळवा. वरून साखर नको. उरलेले 24 तासांनी फेका. प्रत्येक जुलाबानंतर या वयाला पाव ते अर्धा पेला, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर 10 मिनिटे थांबून पुन्हा सावकाश द्या. अंगावरचे दूध चालूच ठेवा.

मूल पाणी पिईना, मलूल पडले, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसली किंवा शौचातून रक्त पडले, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. वाटेतही हे पाणी पाजत राहा. मात्र गुंगीतल्या मुलाच्या तोंडात ओतू नका.