फी नाही, तरी पैसे कमी का आले?

मधल्या बँका वाटेत किती कापतात ते आज सांगणार होतो, ते पुढच्या आठवड्यावर टाकतो. कारण चिपळूणच्या एका बाईंचं पत्र आलंय. मुलगा शारजाला आहे. आधी एक्स्चेंजच्या काउंटरवरून पाठवायचा, दर खेपेला वीस दिरहम फी. आता बिनफीचं ॲप घेतलंय, दर महिन्याला तीन हजार दिरहम पाठवतो, आणि तरी खात्यात आधीपेक्षा शे-दीडशे रुपये कमी जमा होतात. असं का?

फी नसली तर कमाई रेटमधून होते. खरा रेट किती, हे दिरहमच्या बाबतीत घरबसल्या काढता येतं, कारण १९९७ पासून एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम हे प्रमाण बांधलेलं आहे. डॉलरच्या त्या घडीच्या बाजारभावाला ३.६७२५ ने भागायचं, झालं. समजा डॉलर ८४ रुपये आहे, तर दिरहम २२.८७ रुपयांचा.

आता समजा काउंटरवर २२.७५ चा रेट आणि वीस दिरहम फी आहे; ॲपवर फी नाही, पण रेट २२.५५. मुलाच्या हातात तीन हजार दिरहम. काउंटरवर वीस गेले, उरलेल्या २९८० चे ६७,७९५ रुपये झाले. ॲपवर पूर्ण तीन हजारांचे ६७,६५०. बाईंचे १४५ रुपये गेले ते इथे.

पण म्हणून ॲप वाईट म्हणू नका. तोच मुलगा पाचशेच पाठवत असता, तर काउंटरवरून १०,९२० आले असते आणि ॲपवरून ११,२७५. फी रक्कम पाहत नाही. रेटमधली कपात मात्र रकमेबरोबर वाढत जाते. या रेटांना दोघं २,२७५ दिरहमवर बरोबरीत येतात. त्याच्या खाली ॲप, वर काउंटर. रेट बदलले की हा आकडाही सरकतो.

दुबईत देराला आमच्या खोलीत चौघे होतो. पगार झाला की जो तो रेटचा बोर्ड बघून यायचा, फी कुणी मोजायचंच नाही. मीसुद्धा वर्षभर पाचशे-पाचशे करून महिन्यातून दोनदा पाठवत होतो आणि दोनदा फी भरत होतो. घरी आईला पंधरा दिवसांची घाई नव्हती. मला विचारायचं सुचलं नाही.

बाई, मुलाला एवढंच सांगा: पाठवायच्या दिवशी, एकाच वेळी, दोन्हीकडे विचार की तीन हजार दिरहम माझ्याकडून गेले तर खात्यात रुपये किती पडतील. बोर्डावरचा रेट नको, पडणारे रुपये. आणि ॲपचा पहिल्या खेपेचा रेट धरू नकोस. नव्या गिऱ्हाइकाला पहिल्यांदा बरेचदा चढा रेट देतात, तुलना दुसऱ्या खेपेपासून कर.