दोन स्थिरांक आणि कोयनेचा भूकंप

मागच्या आठवड्यात आपण वेगाचं समाकलन करून अंतर काढलं. या वेळी एक पायरी मागे जायचं आहे. हातात फक्त त्वरण आहे, आणि त्यावरून वस्तू कुठे होती ते सांगायचं आहे. कॉलेजच्या पुस्तकात हे दोन ओळींत उरकतं: एकदा समाकलन केलं की वेग, पुन्हा केलं की स्थान, दर वेळी एक स्थिरांक, C₁ आणि C₂, सुरुवातीची स्थिती घाला आणि सोडवा. सुरुवातीची स्थिती गणितातच दिलेली असते. म्हणूनच हे स्थिरांक म्हणजे परीक्षेत अर्धा गुण कापण्याची सोय, असा मुलांचा समज होतो. ती स्थिती कुणीच दिलेली नसते, तेव्हा खरी पंचाईत होते.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट. चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगर हादरलं. धरणाच्या आतल्या गॅलरीत त्वरण नोंदवणारं एक यंत्र बसवलेलं होतं आणि त्याने या धक्क्याची नोंद केली. धरणाच्या भिंतीला आडव्या दिशेतलं कमाल त्वरण होतं सुमारे ०.४९ g, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या जवळजवळ निम्मं. काँक्रीटची धरणं भूकंपात कशी वागतात याचा अभ्यास करणारे जगभरचे अभियंते आजही ही नोंद वापरतात. पण ती नोंद त्वरणाची आहे. जमीन किती वेगाने हलली आणि किती सरकली, हे हवं असेल तर दोनदा समाकलन करावं लागतं.

त्या काळची अशी यंत्रं फोटोच्या फिल्मवर किंवा कागदावर लिहीत. कागद चोवीस तास फिरवत ठेवणं परवडणारं नव्हतं. म्हणून यंत्र एरवी झोपलेलं असायचं. जमीन ठरावीक मर्यादेपलीकडे हलली की आतली एक कळ दाबली जाई आणि कागद फिरू लागे. गोम इथेच आहे. यंत्राने पहिली रेघ ओढली, त्या क्षणी जमीन स्थिर नव्हती. ती हलू लागली होती म्हणून तर यंत्र जागं झालं. म्हणजे नोंदीचा t = 0 आला, तेव्हा वेग शून्य नव्हता, आणि तो किती होता हे कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्वरणाला वेगाची गंधवार्ता नसते, हे इथे पक्कं ध्यानात घ्यायला हवं. फलाटावर उभी असलेली डेक्कन क्वीन आणि सरळ रुळांवरून एकसारख्या वेगाने धावणारी डेक्कन क्वीन, दोन्हींत बसवलेलं त्वरणमापक शून्यच दाखवेल. हा फरक समाकलनाच्या आत कधीच येत नाही, तो बाहेरून आणून घालावा लागतो. त्याचंच नाव C₁. आणि गाडी लोणावळ्याजवळ आहे की कर्जतजवळ, ते सांगणारा C₂.

आता एक छोटं उदाहरण पूर्ण सोडवू. खरी भूकंपनोंद फार खडबडीत असते, म्हणून आपण जमिनीला एकच गुळगुळीत धक्का देऊ. जमीन आधी स्थिर आहे. मग एक सेकंदभर तिचं त्वरण असं:

a = 2 sin(ωt), ω = 2π

इथे २ म्हणजे २ मी/से², साधारण ०.२ g. एक सेकंदानंतर त्वरण शून्य. पहिलं समाकलन:

v = −(2/ω) cos(ωt) + C₁

सुरुवातीचा वेग शून्य, तर C₁ सुद्धा शून्य असं लिहून पुढे जाणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. पण t = 0 ला cos ची किंमत १ असते. म्हणून 0 = −2/ω + C₁, आणि C₁ = 2/ω, म्हणजे ०.३१८ मी/से. शून्य आहे तो वेग, स्थिरांक नव्हे. मग वेग झाला:

v = 0.318 (1 − cos ωt)

हा वेग एकदाही ऋण होत नाही. त्वरण अर्धा सेकंद पुढे आणि अर्धा सेकंद मागे असलं, तरी जमीन पूर्ण वेळ पुढेच जाते. पहिल्या अर्ध्या सेकंदात तिने घेतलेला वेग दुसऱ्या अर्ध्यात फक्त उतरतो, उलटत नाही. पुढचं समाकलन, आणि सुरुवातीचं स्थान शून्य धरलं की C₂ = 0:

x = 0.318 t − 0.0507 sin(ωt)

एक सेकंद संपताना जमीन थांबलेली आहे, पण मूळ जागेपासून ३१.८ सेंटीमीटर पुढे. हे काल्पनिक वाटत असेल, पण भ्रंशाच्या अगदी लगत जमीन अशीच एकदा सरकते आणि तिथेच राहते. तैवानमधल्या सप्टेंबर १९९९ च्या भूकंपात भ्रंशाच्या उत्तर भागात ती कित्येक मीटर सरकली होती.

आता यंत्राला उशिरा जागं करू. समजा ते पाव सेकंद गेल्यावर सुरू झालं. नवा काळ τ तिथून मोजू. नोंद दिसेल a = 2 cos(ωτ), एकूण पाऊण सेकंदाची. ज्याला उशीर झाल्याचं माहीत नाही तो सवयीने सुरुवातीचा वेग शून्य धरेल आणि लिहील v = 0.318 sin(ωτ). दिसायला ही नोंद निर्दोष आहे, आणि समाकलनातही चूक नाही. पण शेवटी, τ = ०.७५ ला, या सूत्राने वेग येतो उणे ०.३१८ मी/से. जमीन तर थांबली आहे, त्वरण शून्य झालं आहे. भूकंप संपल्यावर कोयनानगर सेकंदाला ३२ सेंटीमीटर वेगाने मागे मागे चाललंय, असं हे गणित म्हणतं. दहा सेकंद तसंच चालू ठेवलं तर गाव ३ मीटरहून जास्त मागे गेलेलं दिसेल.

या हास्यास्पद उत्तरातच दुरुस्ती आहे. सुरुवातीचा वेग ठाऊक नसला तरी शेवटचा ठाऊक आहे: तो शून्य. C₁ ठरवायला सुरुवातीचाच क्षण लागतो असं कुठे आहे? वेग पक्का माहीत असलेला कोणताही एक क्षण पुरतो. शेवटी शून्य यायला हवं म्हणून C₁ = +0.318, आणि खरा वेग v = 0.318 (1 + sin ωτ). यात τ = 0 घातलं की यंत्र जागं होतानाचा वेग ०.३१८ मी/से निघतो. जो आकडा कुणीच नोंदवला नव्हता, तो शेवटाकडून हाती आला. चुकीच्या स्थिरांकाने नोंदीच्या काळातलं सरकणं ५ सेंटीमीटर येत होतं, बरोबर स्थिरांकाने ते २८.९ सेंटीमीटर येतं.

पण एकूण सरकणं ३१.८ होतं. उरलेले २.९ सेंटीमीटर यंत्र झोपेत असताना घडून गेले. ते C₂ मध्ये दडलेले आहेत आणि तिथे शेवटाची युक्ती चालत नाही. जमीन शेवटी थांबते हे आपल्याला माहीत आहे. पण ती कुठे थांबते, हे भौतिकशास्त्राचा कोणताही नियम सांगत नाही. त्यासाठी भूकंपाआधी आणि नंतर त्या जागेची मोजणी केलेली हवी, आज असेल तर जीपीएसने. खऱ्या भूकंपात पहिल्या लहरी सहसा लहान असतात, त्यामुळे आपल्या उदाहरणाइतका मोठा हिस्सा गमावला जात नाही. तरी प्रश्न तोच राहतो.

इथवर आपण एक गोष्ट गृहीत धरली: कागदावरची शून्यरेषा बरोबर आहे. प्रत्यक्षात ती हातानं ठरवलेली असे. कागद किंचित तिरका सरकला, किंवा धक्क्याने यंत्र अगदी थोडं कललं, की सगळ्या त्वरणात एक छोटा स्थिर आकडा मिसळतो. यंत्र मिलिरेडियनभर कललं तरी गुरुत्वाकर्षणाचा अंश आडव्या नोंदीत शिरतो आणि ०.००१ g ची चूक होते. कोयनेच्या ०.४९ g समोर ही चूक आलेखावर दिसणारही नाही. पण दोनदा समाकलन केलं की १० सेकंदांत स्थानात ४९ सेंटीमीटरची आणि ४० सेकंदांत जवळजवळ ७.८ मीटरची चूक तयार होते.

चूक C₁ ची की शून्यरेषेची, हे कसं ओळखायचं? भूकंप संपल्यानंतरचा वेगाचा आलेख पाहा. रेघ आडवी आहे पण शून्यावर नाही, तर C₁ चुकला आहे. रेघ तिरकी चढत किंवा उतरत असेल, तर शून्यरेषाच हललेली आहे, आणि तिथे नुसता C₁ बदलून काही होणार नाही. पुष्कळ वेळा दोन्ही चुका एकत्र असतात. रेघेचा उतार आधी काढायचा आणि मग तिला शून्यावर आणायचं, हा क्रम उलटा करू नये.

बर्ग आणि हाउसनर यांनी १९६१ मध्ये यावर एक रीत सुचवली. त्वरणातून अशी एक पॅराबोलाच्या आकाराची शून्यरेषा वजा करायची, की उरलेल्या वेगाचा वर्ग सरासरीने लहानात लहान व्हावा. रीत सोपी होती आणि ती पुष्कळ वापरली गेली. माझं मत विचाराल तर तिच्यात एक सोयीस्कर अन्याय आहे: वेग शून्याभोवती ठेवण्याच्या नादात जमिनीचं खरोखरचं, कायमचं सरकणंही ती चूक समजून पुसू शकते. आपल्या उदाहरणातलं ३१.८ सेंटीमीटरचं सरकणं तिच्या तावडीत सापडलं असतं. काँक्रीटच्या धरणासाठी ते फारसं बिघडत नाही, कारण धरणाला तडे जातात ते त्वरणाने. भ्रंशावरून जाणाऱ्या पाइपलाइनला मात्र कायमचं सरकणंच मारतं.

आजची डिजिटल यंत्रं ही अडचण मुळातच काढतात. ती सतत मोजत असतात आणि शेवटचे काही सेकंद स्मृतीत धरून ठेवतात. धक्का आला की त्याआधीचे शांत सेकंदही नोंदीला जोडले जातात. त्या शांत भागाची सरासरी म्हणजे शून्यरेषा, आणि तिथे वेग शून्य होता हे गृहीतक नसून नोंदलेली गोष्ट असते. यंत्र धक्क्यादरम्यान कललं तर मात्र ही सोयही अपुरी पडते.

पुढच्या आठवड्यापर्यंत एक गणित करून ठेवा. आपल्याच धक्क्यात यंत्र अर्ध्या सेकंदाने उशिरा जागं झालं असतं, तर नोंद दिसली असती a = −2 sin(ωτ). C₁ शेवटाकडून ठरवा आणि नोंदीच्या काळात जमीन किती सरकली ते काढा. उत्तर सुमारे १६ सेंटीमीटर यायला हवं. उणे १६ आलं तर तुम्ही सुरुवातीचा वेग शून्य धरला आहे.