उपमा मोकळा हवा तर

उपम्यातली एखादी गुठळी चमच्यानं फोडून पाहा. वरून ती मऊ आणि चिकट असते, आत मात्र कोरा पांढरा रवा निघतो. रव्याला गरम पाणी लागलं की त्यातलं स्टार्च फुगतं आणि त्याची खळ होते. रवा एका जागी ढिगानं पडला, तर वरच्या दाण्यांची खळ होऊन कवच तयार होतं आणि आत पाणी शिरतच नाही. मग कितीही वाफ द्या, आतला रवा कच्चाच राहतो.

म्हणून भाजण्यात घाई नको. एक वाटी जाड रवा दोन चमचे तुपावर मंद आचेवर सात-आठ मिनिटं भाजावा. रंग लाल व्हायची वाट पाहू नये. कच्चा रवा कालथ्याला जड लागतो. भाजत आला की हलका होतो, सरसर घसरतो आणि खमंग वास सुटतो. भाजल्यानं दाणा कोरडा होतो, त्यावर तुपाचा पातळ थर बसतो, त्यामुळे दाणे एकमेकांना धरत नाहीत. भाजलेला रवा ताटात काढून ठेवावा. गरम कढईत तो खालून करपत राहतो.

आता त्याच कढईत फोडणी, मिरची, कढीपत्ता, कांदा. कांदा मऊ झाला की अडीच वाट्या पाणी आणि मीठ घालावं. बारीक रव्याला दोन वाट्या पुरतात. टोमॅटो किंवा ताक घालणार असाल, तर तेवढं पाणी कमी करा. सकाळच्या गडबडीत हेच विसरतं आणि उपम्याचा गिचका होतो. पाणी चाखून पाहावं, ते किंचित खारट लागलं पाहिजे, कारण नंतर वरून घातलेलं मीठ सारखं मिसळत नाही.

पाण्याला खळखळून आधण आलं की गॅस बारीक करा. एका हातानं रव्याची बारीक धार सोडा, दुसऱ्या हातानं ढवळत राहा. दाणा पाण्यात सुटा पडतो आणि सगळीकडून एकदम भिजतो. खरी कसोटी या अर्ध्या मिनिटाची. रवा पाणी प्यायला की ढवळणं थांबवा. फुगलेला दाणा घोटला तर फुटतो आणि त्याचं स्टार्च बाहेर येऊन सगळं चिकट होतं. झाकण ठेवून तीन मिनिटं वाफ द्या, गॅस बंद करून आणखी पाच मिनिटं तसंच राहू द्या. लिंबू आणि कोथिंबीर त्यानंतर.

तरीही गुठळ्या झाल्याच, तर उपमा गरम असतानाच त्या कालथ्याच्या पाठीनं दाबून फोडा, गरम पाण्याचा हबका मारा आणि पुन्हा झाका. उपमा सैल झाला असेल, तर न ढवळता मंद आचेवर उघडा ठेवा. घोटून चिकट झालेला उपमा मात्र पुन्हा मोकळा होत नाही.